बदकं खाचरात की तळ्यात?
खाचरात बदकं सोडायची तर लावणीनंतर रोपं मुळं धरेपर्यंत, साधारण 3 आठवडे, थांबावं लागतं. लोंब्या दिसल्या की बाहेर काढावी लागतात. मधे तण, किडे, गोगलगायी फुकट मिळतात, पण कीटकनाशक वर्ज्य. पुढे खाद्याचा खर्च तुमचाच.

म्हणून बारमाही तळं असेल तर मी तेच निवडेन. गुंठ्याला 2-3 बदकं पुरतात, विष्ठेचं खत होतं. तळ्यात मासेही पाळायचे तर मत्स्यबीज 10 सेंटिमीटरपेक्षा मोठं सोडा, नाहीतर बदकंच गिळतील. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर ऑक्सिजन घटलाय. बदकं कमी करा.

खुराडं दोन्हीकडे कोरडं, तूस अंथरलेलं हवं. पावसाळ्यात बुरशी आलेला मका, पेंड सरळ फेका. बुरशीच्या विषाला बदकं कोंबड्यांपेक्षा लवकर बळी पडतात.