जात नावात, जात नावाआड: ‘माणदेशी माणसं’ घ्यायचं की ‘जेव्हा मी जात चोरली होती’?

आमच्या वाचनगटात महिन्याला एकच पुस्तक होतं, आणि ते ठरवण्यातच कधीकधी अर्धी बैठक जाते. या वेळी कथासंग्रह घ्यायचा एवढं एकमत झालं, पुढे दोन नावं उरली. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’, १९४९ चं. आणि बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३ चं. दोन्ही मी वाचलेली असल्यामुळे ‘तूच सांग काय ते’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. कुठल्याही कथेचा शेवट फोडत नाही, निर्धास्त वाचा.

आधी दोन्हींची अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून बघा. माडगूळकरांकडे सोळा व्यक्तिचित्रं आहेत: धर्मा रामोशी, शिदा चांभार, गणा महार, मुलाण्याचा बकस, तांबोळ्याची खाला, रामा मैलकुली, रघू कारकून, झेल्या आणि बाकीचे. बहुतेक शीर्षकांत माणसाच्या नावाला जात नाहीतर धंदा चिकटलेला आहे. लेखकाने काही मुद्दाम चिकटवलेला नाही, गावात माणसाला हाकच तशी मारतात. आता दुसरं पुस्तक. तिथे मुखपृष्ठावरच एक माणूस सांगतोय की त्याने जात चोरली. एकीकडे जात पाटीसारखी दारावर लावलेली, दुसरीकडे ती खिशात दडवलेली. पहिल्या पुस्तकातल्या गणाला जात चोरायची सोयच नाही, कारण सगळं गाव त्याला ओळखतं. चोरी करायची तर आधी गाव सोडावं लागतं, अनोळखी शहरात खोली शोधावी लागते. बागुलांचा माणूस नेमकं तेच करतो. मधल्या चौदा वर्षांत १९५६ चं नागपूरचं धर्मांतर होऊन गेलं होतं, हे वाचताना लक्षात असू द्या.

पण शीर्षकांवरून पुस्तक निवडत नाहीत. वाचायला बसल्यावर काय होतं ते सांगते.

माडगूळकरांचा ‘मी’ बहुतेक वेळा कडेला उभा असतो. ‘झेल्या’ घ्या. एक कोवळा मास्तर खेड्यातल्या शाळेवर आलाय. वर्गात लोहाराचं एक पोर आहे. हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं, गाव त्याला झेल्या म्हणतं. शाळेत त्याचं मन नाही आणि मास्तरांना पोरांना सांभाळायचा सराव नाही. एवढीच मांडणी. माडगूळकर झेल्याबद्दल जवळजवळ काहीच ‘सांगत’ नाहीत. तो कसा उभा राहतो, काय घालतो, काय उत्तर देतो, एवढंच दाखवतात. निवेदन प्रमाण मराठीत, वाक्यं आखूड. पण माणूस तोंड उघडतो तो माणदेशी बोलीत. आटपाडी-सांगोला भागातली ही बोली, पाऊस कमी पडणाऱ्या मुलखाची, शब्दही राखून वापरणारी. कथा मोठ्याने वाचायला घेतली की पहिल्या पानालाच माणूस समोर येऊन बसतो. आमच्यातल्या एका काकांनी मागे ‘धर्मा रामोशी’ वाचून दाखवली होती. शेवटच्या परिच्छेदाला थांबून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा बराच वेळ न बोलता गेला. ती कथा घरातल्या एका अगदी साध्या वस्तूवर उभी आहे. कुठली, ते वाचताना कळेल आणि मग विसरता येणार नाही.

आता याची दुसरी बाजू. या पुस्तकावर चर्चा करणं अवघड आहे. मी दोनदा अनुभव घेतलाय. पुस्तक एवढं निवांत आणि आपलंसं वाटतं की दहाव्या मिनिटाला लोक पुस्तक सोडून आपापल्या गावच्या गोष्टी सांगू लागतात. आमच्याकडेही असाच एक होता, आमची आजी अशीच होती. ऐकायला छान, पण कथा बाजूला राहते. हे होऊ द्यायचं नसेल तर एक प्रश्न हाताशी ठेवा: कुलकर्ण्याच्या घरचा हा निवेदक मुलगा या माणसांकडे कुठून बघतोय? ओट्यावरून, अंगणातून, की शेजारी बसून? प्रत्येक चित्रात जागा वेगळी आहे. काही ठिकाणी त्याला स्वतःची लाज वाटताना दिसते, काही ठिकाणी तो नुसता बघतो आणि निघून जातो. माझ्या मते काही चित्रांत तो जरा लवकरच निघून जातो. ‘गणा महार’ वाचून झाल्यावर गणाने हेच चित्र लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर दुसऱ्या पुस्तकात पूर्ण मिळतं असं नाही, पण प्रश्न तिथे सरळ समोर येतो.

बागुलांचा ‘मी’ कडेला उभा राहूच शकत नाही, कारण सगळं त्याच्याच अंगावर येतंय. शीर्षककथेत तो रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत, सुरतेजवळच्या उधन्यात येतो. नवं गाव, नवे सोबती, राहायला खोली हवी. आणि खोलीआधी येणारा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: तुम्ही कोण? इथे बागुलांची करामत बघा. हा माणूस नुसतं खोटं बोलून मोकळा होत नाही. तो उत्तराला ताव देतो, ते मोठं करतो, त्याला त्याची नशा चढते. नव्या स्वतंत्र देशाचा आपण नवा माणूस आहोत, हे त्याला मनापासून वाटतंय. त्यामुळे चोरी आणि स्वप्न एकाच वाक्यात येतात. वाचक म्हणून आपल्याला पहिल्या पानापासून माहीत आहे की तो काय लपवतोय. शीर्षकातच सांगितलंय. तरीही पुढची पानं श्वास धरून वाचावी लागतात. तिथेच कामाला काशीनाथ सकपाळ नावाचा दुसरा दलित कामगार आहे, तो काहीच लपवत नाही. एक लपवणारा आणि एक छाती पुढे काढणारा, दोघांपैकी कोणाचं जगणं अधिक महाग पडतं, यावर आमच्याकडे दोन तास वाद होईल अशी माझी खात्री आहे.

संग्रहात दहा कथा आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. ‘विद्रोह’मध्ये शिकलेला मुलगा आणि बापाचं साफसफाईचं काम समोरासमोर उभं आहे. ‘वाटेवरची’मध्ये शरीर विकणारी गिरिजा मुलगा आजारी असल्याची बातमी मिळाल्यावर गावी जायच्या भाड्याचे पैसे उभे करायला बघते, एवढंच सांगते. ‘बोहाडा’ मला सगळ्यांत बांधीव वाटते. बोहाडा म्हणजे नाशिककडच्या आणि पलीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतला देवांची सोंगं नाचवायचा उत्सव. लाकडी मुखवटा चेहऱ्यावर, संबळाचा ठेका आणि रात्रभर नाच. सोंगाचा मान कोणाचा हे गावात ठरलेलं असतं, आणि या कथेत तो मान एक महार माणूस मागतो. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बागुलांना हा उत्सव नुसता ऐकून माहीत असावा असं वाटत नाही, इतका तो डोळ्यांपुढे उभा राहतो. शीर्षककथेत चेहरा लपवलेला, इथे चेहऱ्यावर मुखवटा. दोन्ही कथा एकापाठोपाठ वाचल्या तर गंमत कळते. गंमत हा शब्द चुकला, पण दुसरा सुचत नाही.

बागुलांची भाषा मात्र सगळ्यांना झेपेलच असं नाही. माडगूळकर एक विशेषण वाचवतात, तिथे बागुल चार लावतात. वाक्यं लांब, भावना टिपेला, माणसं कधी कधी रंगमंचावर असल्यासारखी बोलतात. पहिल्या वाचनात मला हा भडकपणा खटकला होता. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की हा आवाज सौम्य केला तर कथाच कोसळेल. ज्याला आजवर बोलू दिलेलं नाही तो पहिल्यांदा बोलताना मोजूनमापून बोलत नाही. तरी ‘काळोखाचे कैदी’सारख्या कथेत प्रसंग एवढे एकावर एक रचले जातात की मी अजूनही तिथे अडखळते. त्या कथेने सुरुवात करू नका. आणखी एक, हिंसा आणि लैंगिक अत्याचार या संग्रहात उघड येतात. गटात कोणाला ते नको असेल तर आधी विचारून घ्या. माडगूळकरांच्या बाबतीत ही काळजी नाही.

चर्चेचा धोकाही उलटा आहे. ‘माणदेशी’वर बोलताना लोक आठवणींत शिरतात, बागुलांवर बोलताना थेट आरक्षणात. पंधरा मिनिटांत पुस्तक मिटलेलं असतं आणि दोन माणसं हातवारे करत असतात. मागच्या एका बैठकीत हे झालंय, कोण ते सगळ्यांना माहीत आहे. यावर मला सापडलेला उपाय असा: शीर्षककथेत नायकाला कोण कोण कोणत्या शब्दांत कोण म्हणून विचारतं आणि तो प्रत्येक वेळी काय सांगतो, त्याची कागदावर यादी करून या. यादी हातात असली की माणूस कथेबाहेर जात नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. ‘माणदेशी’तली चित्रं आखूड, बसमध्ये एकेक होऊन जाते, महिन्यात आरामात संपतं. बागुलांच्या काही कथा लांब आहेत आणि एकीनंतर लगेच दुसरी घ्यावीशी वाटत नाही. महिनाभरात दहाही सगळ्यांच्या होतील असं धरू नका, पाच ठरवून घ्या. आणि आपल्यातले जे पुण्याबाहेर, देशाबाहेर आहेत, त्यांच्या मुलांना मराठी वाचन जड जात असेल तर बागुलांचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये आला आहे. ‘माणदेशी’ची बोली अनुवादात किती उरेल याची मला शंकाच आहे, ते मूळातूनच वाचावं.

मग माझं मत? कोणी एकटं घरी वाचणार असेल, कथावाचनाची सवय मोडलेली असेल, किंवा आईवडिलांना वाचून दाखवायचं असेल तर डोळे मिटून ‘माणदेशी माणसं’. गटासाठी मी बागुलांच्या बाजूने हात वर करेन. त्यातल्या कथा अपुऱ्या, जास्तीच्या, वाकड्या आहेत, म्हणूनच त्यांच्यावर भांडता येतं. माडगूळकरांच्या कथेवर भांडायला फट सापडत नाही.

बागुल ठरले तर बैठकीच्या सुरुवातीला ‘झेल्या’ वाचूया, वीस मिनिटांचं काम आहे. मास्तर झेल्याकडे कसा बघतो ते कानात ताजं असताना ‘बोहाडा’ उघडायची. पण ‘बोहाडा’ मोठ्याने कोण वाचणार ते आधी ठरवा आणि घरी एकदा वाचून या. त्या वाक्यांना दम लागतो.