डिपेंडंट व्हिसावर काम करता येत होते, तरी परवान्यासाठी पावणेदोन लाख दिले

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची. जीएनएमचे शिक्षण घेतल्यावर 2017 पासून सात वर्षे मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका होते. 2024 मध्ये माझे लग्न झाले आणि यजमान त्याच वर्षी जूनमध्ये इंजिनिअर म्हणून ब्रिटनला स्किल्ड वर्कर व्हिसावर गेले. त्यांच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर मी जाणार होते. जाण्यापूर्वी माझी जी फसवणूक झाली ती इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आईच्या आजारपणासाठी सध्या गावी आले असताना बसस्थानकाजवळ मला फसवणाऱ्या एजंटचा फलक अजून लागलेला मला दिसला.

फसवणुकीचे मूळ एका अर्धवट माहितीत होते. माझी मावसबहीण अमेरिकेत एच-4 व्हिसावर आहे. तिथे अशा व्हिसावरच्या पत्नीला वेगळे परवानापत्र मिळाल्याशिवाय काम करता येत नाही आणि ते पत्रही सर्वांनाच मिळत नाही, त्यामुळे तिची तीन वर्षे घरात बसून गेली. हे आमच्या घरी सर्वांना माहीत होते. म्हणून एजंटने जेव्हा सांगितले की ‘ताई, डिपेंडंटला काम करता येत नाही, पण आम्ही व्हिसावर वर्क परमिशन चढवून देतो’, तेव्हा कोणालाच शंका आली नाही. वास्तविक हा नियम एका देशाचा, आणि मी चालले होते दुसऱ्या देशात. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्याचा अपवाद सोडला तर जवळपास कोणतीही नोकरी करता येते. व्हिसा मंजूर होतो तेव्हाच हा हक्क मिळतो आणि त्यासाठी निराळा परवाना नसतोच. जी वस्तू माझ्याकडे आधीच होती तीच मला विकली गेली.

पहिले नव्वद हजार या परवान्याचे, आणि ते बाबांनी बँकेतून पाठवले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये असताना आमचा माल चार हजारांच्या आसपास विकला गेला होता. तरीही बाबा म्हणाले, ‘पैशाचं मी पाहतो, पोरी. तुले तिथं रिकामं बसा लागू नये.’ एकूण दिलेली रक्कम पुढे मी हिशेबाला घेतली, तेव्हा ती चाळीस क्विंटलांहून जास्त सोयाबीनची निघाली. आमच्या आठ एकरांचे हे जवळपास एका वर्षाचे पीक.

दुसरा हप्ता पंचेचाळीस हजारांचा आणि तो रोख. एजंटचे म्हणणे असे की खेड्यातल्या दवाखान्याचा अनुभव तिकडे धरत नाहीत, तो ‘कन्व्हर्ट’ करून घ्यावा लागतो. इथे त्याने माझ्या खऱ्या अडचणीवरच बोट ठेवले होते. आमच्या दवाखान्यात पगार हातात मिळे, पगारपत्रक नसे, आणि डॉक्टरांचा ईमेल साधा जीमेलचा होता. आपला अनुभव कागदावर सिद्ध होणार नाही ही भीती माझ्या मनात आधीपासून होतीच. पैसे दिल्यावर दोन आठवड्यांनी सोनेरी शिक्क्याचे एक प्रमाणपत्र आले, आणि सोबत एका ब्रिटिश होम केअर कंपनीचे पत्र. मी तिथे आठ महिने काम केल्याचे त्या पत्रात लिहिले होते. मी तेव्हा भारताबाहेर पाऊलही ठेवलेले नव्हते. मी विचारले, तर तो म्हणाला की सगळेच असे करतात. ते पत्र मी कुठेही वापरले नाही, पण पैसे परत मागण्याचे धैर्यही झाले नाही, हे मान्य केले पाहिजे.

अनुभव ‘कन्व्हर्ट’ करणारी कोणतीही यंत्रणा तिकडे नाही, हे मला नंतर कळले. यूके एनिक ही संस्था परदेशी पदवी किंवा पदविका तिथल्या कोणत्या पातळीची आहे एवढेच सांगते. नोकरीच्या वर्षांचे मोजमाप ती करत नाही. अनुभव धरायचा की नाही हे नोकरी देणारा ठरवतो, तोही अर्ज आणि संदर्भपत्रे पाहून. खोटे पत्र तर सर्वांत घातक ठरले असते. परिचारिका म्हणून नोंदणी करणारी तिथली परिषद, म्हणजे एनएमसी, अर्जदाराचा प्रामाणिकपणाही तपासते, आणि एक बनावट कागद सापडला तर खरी सात वर्षेही संशयात येतात.

तिसरा हप्ता चाळीस हजारांचा, डीबीएस या पोलीस पडताळणीसाठी. रुग्णसेवेसाठी लागणारी सखोल डीबीएस तपासणी मला स्वतःहून मागवता येत नव्हती, ती नोकरी देणाऱ्यामार्फतच होत असे. तेव्हा माझ्याजवळ एकही नोकरी नव्हती. भारतात राहिलेल्या काळाचा पोलीस दाखला वेगळा लागतो, तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो आणि त्याचे शुल्क पाचशे रुपये आहे.

या सगळ्यात यजमानांना काही कळले कसे नाही, असे अनेकांनी विचारले. एजंटने पहिल्याच दिवशी बजावले होते की त्यांच्या कंपनीला काही विचारू नका, त्यांच्याच व्हिसावर परिणाम होईल. या धाकाने आम्ही दोघेही गप्प राहिलो. त्यांच्या कार्यालयात एक साधा प्रश्न विचारला असता तर सर्व प्रकार तिथेच थांबला असता. आता मला वाटते की जो माणूस खात्री करून घेऊ देत नाही, त्याच्याबद्दलची शंका तिथेच पक्की धरावी.

जानेवारी 2025 मध्ये मी पोहोचले आणि लगेच अर्ज करू लागले. अकरा अर्जांना एकही मुलाखत आली नाही. सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, अर्जात तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का असा प्रश्न असतो, आणि आपल्याला परवाना ‘चढवलेला’ आहे या समजुतीने मी प्रत्येक वेळी ‘होय’ लिहीत होते. स्पॉन्सरशिप लागते ती नोकरीच्या आधारावर स्वतःचा व्हिसा घेणाऱ्याला. माझा व्हिसा यजमानांच्या व्हिसावर उभा होता, त्यामुळे खरे उत्तर ‘नाही’ होते. माझे अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडत असावेत.

उलगडा झाला तो एका वृद्धाश्रमात मदतनिसाच्या जागेची चौकशी करायला गेले तेव्हा. व्यवस्थापिकाबाईंनी परवान्याचा कागद हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. हे आम्हाला नको, शेअर कोड द्या, असे त्या म्हणाल्या. शेअर कोड म्हणजे तुमच्या कामाच्या हक्काची ऑनलाइन नोंद मालकाला दाखवणारा नऊ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक. कामासाठीचा कोड W ने सुरू होतो आणि नव्वद दिवस चालतो. तो स्वतःच, एकही पैसा न देता, पुढील पानावर काढता येतो:

```
https://www.gov.uk/prove-right-to-work
```

मला तो लगेच काढता आला नाही, कारण व्हिसाचे ऑनलाइन खाते एजंटनेच उघडले होते आणि त्याला त्याचा ईमेल व मोबाइल क्रमांक जोडलेला होता. लॉगिनचा संकेत त्याच्याकडे जाई आणि तो फोन उचलत नसे. अधिकृत मदत केंद्रामार्फत खाते माझ्या नावे वळवायला तीन आठवडे गेले. खाते उघडले तेव्हा त्यात मला काम करण्याची मुभा असल्याचे स्वच्छ लिहिलेले होते. हे सर्व मी दारव्ह्यात बसूनच वाचू शकले असते. त्याच सुमारास त्या होम केअर कंपनीचे नाव मी सीक्यूसीच्या यादीत शोधले. इंग्लंडमध्ये अशी वैयक्तिक शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थेला या नियामकाकडे नोंद करावी लागते आणि यादी सर्वांना खुली आहे. ते नाव त्यात नव्हते.

अनुभवाचा प्रश्न मात्र खरोखरच होता आणि तो सुटायला वेळ लागला. नोंदणीशिवाय मला परिचारिका म्हणून काम करता येणार नव्हते, म्हणून मी हेल्थकेअर असिस्टंटच्या जागांकडे वळले. जाहिरातीसोबत आवश्यक पात्रतेची यादी दिलेली असते. माझ्या जुन्या अर्जात ‘सात वर्षांचा अनुभव’ एवढेच होते. नव्या अर्जात मी त्या यादीतल्या एकेका मुद्द्यापुढे प्रत्यक्ष केलेले काम लिहिले: तीस खाटांच्या दवाखान्यात रात्रपाळीला किती रुग्ण सांभाळले, नाडी, श्वास आणि रक्तदाबाच्या नोंदी किती वेळाने घेतल्या, प्रकृती ढासळू लागली की कोणाला व कसे कळवले. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधांनी हाहाकार झाला होता. त्या हंगामातले रुग्ण, त्यांची दर काही मिनिटांनी तपासायची डोळ्यांची बाहुली आणि लाळ, तेही लिहिले. मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न त्यावरच आले. ज्या अनुभवाला एजंट कवडीमोल म्हणाला होता, तो नीट सांगितल्यावर मुलाखत घेणाऱ्यांनी तो धरला.

संदर्भासाठी नोकरी देणाऱ्यांना मागील तीन वर्षांचा हिशेब हवा होता. डॉक्टरांच्या नुसत्या जीमेलवर त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण दवाखान्याचा नोंदणी क्रमांक असलेल्या लेटरहेडवर डॉक्टरांनी सही-शिक्क्यासह तारखा आणि कामाचे स्वरूप लिहून दिले, लेटरहेडवरच्या लँडलाइनवर त्यांच्याकडून फोन आला, आणि दुसरे संदर्भपत्र नर्सिंग महाविद्यालयाच्या प्राचार्याबाईंनी संस्थेच्या ईमेलवरून पाठवले. एवढ्यावर काम झाले. लग्नानंतरचे रिकामे काही महिने मी लपवले नाहीत, कारणासह नमूद केले. जूनमध्ये मी बँड 2 या वेतनश्रेणीवर रुजू झाले. 2025-26 साली तिचा पूर्णवेळ वार्षिक पगार 24,465 पौंड होता. माझ्या शिक्षणापेक्षा ही जागा खालची आहे आणि ते मनाला लागते. एनएमसीची नोंदणी आता स्वतंत्रपणे चालू आहे. तीत इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि आपल्या नर्सिंग कौन्सिलची पडताळणी कौन्सिलकडूनच थेट जाते, मध्यस्थाच्या हातून नाही.

ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेणे 1973 च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्याने निषिद्ध आहे. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परवाना लागतो. तो आहे की नाही हे emigrate.gov.in वर पाहता येते, आणि परवानाधारकालाही तीस हजार रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या एजंटचे नाव त्या यादीत नव्हते.

सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर आम्ही मार्च 2025 मध्ये तक्रार नोंदवली, पण शेवटचा हप्ता देऊन तीन महिने झाले होते आणि ज्या खात्यांत पैसे गेले ती रिकामी निघाली. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे. नव्वद आणि चाळीस हजारांच्या बँकेतल्या नोंदी आम्ही जोडल्या आहेत. पंचेचाळीस हजारांची नोंद फक्त आईच्या डायरीत आहे, तारखेसह, त्या दिवशीच्या वेचणीच्या मजुरीच्या खाली. पुढच्या सोमवारी बाबा ती डायरी आणि त्या फलकाचा फोटो घेऊन ठाण्यात जाणार आहेत.