सुरुवातीची चार-पाच अक्षरं सारखी असलेले इंग्रजी शब्द: जोडी लावून शिकवावं की चौकटीत मांडून?

पहिलं अक्षर वेगळं असेल तर मुलं शब्द एबीसीडीच्या क्रमाने पटापट लावतात, दुसऱ्यापर्यंतही जमतं, पण सुरुवात एकसारखी आली की अंदाज सुरू होतो. अशा वेळी एकेक अक्षर तपासायला शिकवायच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही चालतात, पण दोन्हीतल्या चुका वेगळ्या आहेत म्हणून आधी ते बघू. हे सहा शब्द घ्या.

```
control
contract
content
contrast
contact
contents
```

पहिली पद्धत जोडीची. दोन शब्द एकाखाली एक लिहायचे, वरून कागदाची पट्टी ठेवायची आणि एकेक अक्षर उघडत जायचं. सारखं आहे? पुढे. वेगळं आलं? थांब, आता एबीसीडीत आधी कोण येतं ते सांग, बाकीचं झाकलेलंच राहू दे. कंट्रोल आणि कॉन्ट्रास्ट घेतले तर सी, ओ, एन, टी, आर सारखे, 6 व्या जागी ओ आणि ए, म्हणजे कॉन्ट्रास्ट आधी, विषय संपला. मग तिसरा शब्द उचलायचा आणि लावलेल्या यादीत वरून एकेकाशी ताडून बसवायचा.

यात मुलं चुकतात ती थांबण्यात. फरक सापडला तरी पुढची अक्षरं बघतात आणि मग गोंधळतात. याच जोडीत 7 व्या जागी एल आणि एस आहेत, तिथे बघितलं तर उत्तर बरोब्बर उलटं येतं, म्हणून मूल खरंच थांबतंय का हे कळायला अशीच जोडी द्या जिच्यात पुढचं अक्षर फसवतं. कंट्रोल आणि कॉन्ट्रॅक्ट दिलेत तर 6 व्या जागी बघितलं काय आणि 7 व्या जागी बघितलं काय, उत्तर एकच, त्यामुळे चुकीच्या पद्धतीनेही बरोबर येतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. (वर्कशीटमध्ये अशा निरुपयोगी जोड्या भरपूर असतात.)

दुसरी पद्धत चौकटीच्या वहीची. सगळे शब्द एकाखाली एक, एका चौकटीत एकच अक्षर. पहिले चार उभे रकाने सगळ्यांचे सारखे आहेत, ते पेन्सिलने खोडून टाकायचे. 5 व्या रकान्यात ए एक, ई दोन, आर तीन, म्हणजे तीन गट पडले. कॉन्टॅक्ट एकटाच, तो सगळ्यात वर गेला. आता आरवाल्या गटापुरताच 6 वा रकाना बघायचा, तिथे दोन ए आणि एक ओ, म्हणून कंट्रोल शेवटी, आणि उरलेल्या दोघांचा निकाल 7 व्या रकान्यात सी आणि एसवर. ईच्या गटात 7 व्या अक्षरापर्यंत सगळं सारखं आणि मग एकाची 8 वी चौकट रिकामी. रिकामी चौकट नेहमी आधी, हे इथे डोळ्यांना दिसतं, जोडीच्या पद्धतीत मात्र वेगळं सांगावं लागतं.

```
contact
content
contents
contract
contrast
control
```

इथली चूक म्हणजे गट मोडणं. मूल 6 व्या रकान्यात आलं की सगळ्याच शब्दांची 6 वी अक्षरं लावायला लागतं, आणि कॉन्ट्रॅक्टचा ए बघून तो शब्द कॉन्टॅक्टच्याही वर नेऊन ठेवतं. उपाय साधा आहे, गट पडला की दोन गटांमध्ये आडवी रेघ मारायची आणि रेघ ओलांडून काही हलवायचं नाही. गटांच्या क्रमाने शब्द पुन्हा लिहून घेतले तर आणखी बरं, कारण मूळ यादीत गटातले शब्द विखुरलेले असतात.

दोन्हीकडे सापडणारी एक चूक वेगळीच आहे, काही मुलं लांबीवर जातात. कंट्रोल 7 अक्षरी, कॉन्ट्रॅक्ट 8 अक्षरी म्हणून कंट्रोल आधी. लहान शब्द आधी हे फक्त तेव्हाच खरं जेव्हा तो आख्खा संपेपर्यंत काहीच फरक सापडत नाही, ते एकदा नीट दाखवावं लागतं.

मग निवडायचं काय? मूल अजून दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर अडखळत असेल तर मी जोडीनेच सुरू करेन. एका वेळी एकच निर्णय असतो आणि डिक्शनरीत शब्द शोधतानाही तेच करायचं असतं, पानावरच्या वरच्या शब्दाशी आपला शब्द ताडायचा. पण सहा शब्दांना जोडीने वाईटात वाईट 15 तुलना लागू शकतात, मूल तिथे कंटाळतं आणि 10 शब्दांच्या यादीत तर हरवतंच, तिथे चौकटच बरी. ज्याला सगळे शब्द एकदम समोर बघून दडपण येतं त्याला मात्र मोठ्या यादीतही आधी फक्त 5 व्या अक्षरावर ढीग करायला लावा आणि एकेका ढिगात जोडी लावू द्या, दोन्हीचं मिश्रण, आणि माझ्या मते सगळ्यात कमी चुका यातच होतात.