‘उर्फ’ या दोन अक्षरांत माझे अकरा लाख गेले

खरेदीखतात मी जमीन घेतली ती ‘पांडुरंग राघोबा उर्फ पांडू राघू’ या माणसाकडून. असा माणूस नव्हताच. पांडुरंग राघोबा होते आणि पांडू राघूही होते, पण ती दोन वेगळी माणसं होती. जमीन ज्याची होती तो केव्हाच वारला होता. (नावं बदलली आहेत, आडनाव गाळलं आहे. दोघांचं आडनाव एकच, भावकीतलं, एवढं लक्षात ठेवा.)

जमीन २८ गुंठे, जिरायत, रस्त्याला लागून. माझ्या नावावर गावाकडे शेत आहे, म्हणून शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण नव्हती. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून पांडू राघू. विकणाऱ्याच्या आधारकार्डावर पांडुरंग राघोबा. मी विचारलं तर एजंट हसला. “जुन्या तलाठ्यांनी पाळण्यातली नावं लिहून ठेवलीत हो, पांडूचा पांडुरंग व्हायला काय लागतं?” मलाही ते पटलं, कारण माझ्या स्वतःच्या आजोबांचं नाव एका उताऱ्यावर सखू आणि दुसऱ्यावर सखाराम आहे. फसवणूक इथेच बसते. नव्वद ठिकाणी ‘उर्फ’ खरं असतं, म्हणून एक्क्याण्णवाव्या ठिकाणी कुणी थांबत नाही.

वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला. काही निघालं नाही आणि अहवाल आला ‘निर्वेध’. आता कळतं की त्या मालमत्तेचा एकही नोंदणीकृत दस्त झाला नव्हता, मग निघणार काय? कोरी पाटी स्वच्छ दिसणारच. नोंदणी कार्यालयातला सर्च दस्त दाखवतो. सातबाऱ्यावरचा माणूस कोण, हे तो सांगत नाही.

मग पाचशेच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र झालं : ‘पांडुरंग राघोबा व पांडू राघू ही दोन्ही नावे माझीच आहेत.’ खरेदीखतातही तेच वाक्य आलं, आणि पुढे ‘नावाबाबत वाद निघाल्यास लिहून देणार स्वखर्चाने निवारण करतील’ ही नेहमीची ओळ. २०२२ साली दस्त झाला. दुय्यम निबंधकांसमोर दोन ओळखदारांनी सांगितलं की हे पांडुरंग राघोबा, आम्ही यांना ओळखतो. ते खरं होतं! समोर बसलेला माणूस पांडुरंगच होता, फोटो आणि आधार जुळत होतं. ‘उर्फ’च्या पुढच्या माणसाला मात्र कुणी ओळखलं नव्हतं, आणि दुय्यम निबंधक मालकी तपासत नाहीत. दस्त करून देणारा तोच माणूस आहे का, एवढं ते बघतात.

दस्त तलाठ्याकडे गेला, फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या. पंधरा दिवसांच्या मुदतीत एका बाईंची हरकत आली. पांडू राघूंची एकुलती मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात दिलेली. वडील १९८६ साली गेले. वारसनोंद कुणी केलीच नाही, त्यामुळे मेलेला माणूस सातबाऱ्यावर तसाच राहिला आणि शेत लांबचा चुलतभाऊ कसत राहिला. तो चुलतभाऊ म्हणजे माझे पांडुरंग राघोबा. सुनावणीत त्या बाईंनी ग्रामपंचायतीतला वडिलांचा मृत्यूचा उतारा ठेवला. मी माझं प्रतिज्ञापत्र ठेवलं. साहेबांनी मलाच विचारलं, “हे याने स्वतःबद्दल स्वतःच लिहिलंय. दुसरं काय आहे?” दुसरं काहीच नव्हतं. नोंद रद्द झाली.

खरं तर कागदावर सगळं उघड पडलं होतं, मीच पाहिलं नाही. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. मी तो जुना फेरफार काढलाच नव्हता. सुनावणीनंतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल घेतली. (अनेक जिल्ह्यांचे असे जुने कागद सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही मिळतात.) फेरफार १९६४ सालचा, भावाभावांच्या वाटपाचा. त्यात पांडू राघू असं साधं नाव होतं. त्याच फेरफारात त्यांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे मात्र ‘अ.पा.क.’ लिहिलं होतं, म्हणजे तो अज्ञान आणि त्याच्या वतीने पालनकर्ता अमुक. म्हणजे पांडू १९६४ साली सज्ञान होते, जन्म फार तर १९४६ चा. आणि माझ्या विकणाऱ्याच्या आधारकार्डावर जन्मसाल १९५७. वाटप झालं तेव्हा तो सात वर्षांचा असणार आणि त्याच्या नावापुढे अ.पा.क. हवं होतं. एका वजाबाकीत सगळं सुटलं असतं.

दुसरी खूण आठ-अ ची. गावात त्याच माणसाच्या नावावर आणखी जमीन आहे का, म्हणून आठ-अ काढला असता तर पांडुरंग राघोबा नावाचं वेगळं खातं दिसलं असतं, स्वतःच्या फेरफारासह. ज्याला गावात एका खात्यावर सगळे पांडुरंग म्हणतात, तो शेजारच्या खात्यावर पांडू का असेल? असू शकतो, पण मग विचारायला हवं. मी शेजारच्या गटवाल्यांना पाण्याबद्दल विचारलं, बांधाबद्दल विचारलं. नावाबद्दल विचारलं नाही.

एका ओळखीच्यांनी मागाहून सांगितलं की राजपत्रात नाव छापून घ्यायला हवं होतं. त्याने काही झालं नसतं. राजपत्रातला नावबदल आजपासून मी अमुक असं सांगतो, १९६४ चा पांडू म्हणजे मीच हे तो सिद्ध करत नाही. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागता येते, पण ती लिहिण्यातल्या चुकीची, म्हणजे मूळ फेरफारात पांडुरंग असून सातबाऱ्यावर पांडू उतरला असेल तर. माणूस बदलायला ते कलम नाही.

आमच्या आजोबांच्या जमिनीचा दस्त नंतर मी वाचला, तेव्हा ‘उर्फ’ कसं लिहायचं हे कळलं. तिथे नुसतं ‘सखाराम उर्फ सखू’ नव्हतं. फेरफार अमुकमध्ये सखू, शाळा सोडल्याच्या दाखल्यात सखाराम, विकास सोसायटीच्या कर्जखात्यात सखाराम उर्फ सखू, असं प्रत्येक नाव कागदाला बांधलेलं होतं. सोसायटीचं जुनं कर्जखातं भारी साक्षीदार असतं, कारण ते लिहिताना जमीन विकायचा कुणाचा विचार नव्हता.

मी पोलिसात दिलं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची ४१९ आणि ४२० कलमं लागली. पैशासाठी दिवाणी दावाही चालू आहे. ‘स्वखर्चाने निवारण’ करणाऱ्याकडे आता काही नाही. माझ्या पैशातून त्यांनी मुलाचं घर बांधलं, ते मुलाच्या नावावर आहे.

त्या बाईंची वारसनोंद झाली. परवा तहसीलच्या आवारात भेटल्या, म्हणाल्या, “दादा, तुमचं वाईट वाटतं. मला इतक्या लांबून शेत कसणं होत नाही, तुम्हीच घ्या ना.” भाव त्यांनी पूर्वीचाच सांगितला. माझ्याकडे आता तेवढे पैसे नाहीत.