कच्च्या केळीचं पीठ, सात महिन्यांनंतर: भाकरीत घालत असाल तर पैसे तव्यावर जळताहेत

नोव्हेंबर ते मे असा पूर्ण वापर झाल्यावर हे लिहितोय. पाकीट काय असतं, ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणजे पचनाला दाद न देणारा स्टार्च वगैरे वाचकांना माहीत आहे असं धरतो. रावेर-यावल-सावद्याच्या केळीच्या पट्ट्यात राहून केळीचं पीठ पाकिटातून विकत घेणं हाच मुळात विनोद आहे, पण तो केला. लिहायला कारण ठरलं दुसरं पाकीट. त्याचा हिशेब खाली येतोच.

आधी मूळ प्रश्नाचं उत्तर. हिरव्या, कडक केळीत हा स्टार्च असतो का? असतो, आणि भरपूर असतो. जी-नाईन जातीचं १५० ग्रॅमचं एक हिरवंगार केळ घ्या. साल जाड असते, म्हणून आत गर निघतो ९० ग्रॅमच्या आसपास. त्यात १८ ते २० ग्रॅम स्टार्च आणि जेमतेम एक-दोन ग्रॅम साखर. तेच केळ पूर्ण पिवळं होऊन ठिपके पडेपर्यंत स्टार्च उरतो एक-दोन ग्रॅम आणि साखर जाते १५-१७ ग्रॅमवर. म्हणजे पिकताना साखर बाहेरून येत नाही, स्टार्चचीच मोड होऊन ती बनते. थोडा माल केळ श्वसनात स्वतःच खर्च करतं, म्हणून बेरीज किंचित कमी भरते. साखर वाढली की गर सालीतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे पिकल्यावर साल पातळ होते आणि गर वजनाला थोडा वाढतो.

साखरेतही क्रम आहे. सुरुवातीला बनते ती मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर. पुढे तिची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण बरोबरीने वाढतात. ठिपकेवालं केळ जिभेला जास्त गोड लागतं त्यात फ्रुक्टोजचा हात आहे, तुरटपणा गेलेला असतो हेही आहे. ‘पिकलं की कार्बोहायड्रेट वाढतं’ हे मात्र चूक. वाढत नाही, फक्त रूप बदलतं. कच्च्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर जगतात. पिकल्यातली साखर सरळ रक्तात जाते.

आता खरी कटकट. हा स्टार्च न पचण्याचं कारण त्याच्या कच्च्या कणाच्या घट्ट, स्फटिकासारख्या बांधणीत आहे. पाचकरसाला त्या कणात सहज शिरता येत नाही. पण पाणी आणि सत्तर अंशांच्या आसपासची उष्णता एकत्र मिळाली की कण फुगतो, फुटतो, खळीसारखा होतो. त्यानंतर तो साधा पचणारा स्टार्च. म्हणजे कळण्याच्या भाकरीत दोन चमचे केळीचं पीठ घालून, उकळतं पाणी ओतून मळलं आणि तव्यावर भाजलं, तर तुम्ही महागडं साधं पीठ खाल्लं. धिरडं, शिरा, उपासाची थालीपीठं, सगळ्यांचं तेच. पाकिटामागच्या पाककृतींमध्ये पाचपैकी चार भाजायच्या-शिजवायच्या होत्या, आणि समोर ठळक अक्षरात रेझिस्टंट स्टार्चचा आकडा! आकडा कच्च्या पिठाचा, कृती शिजवलेल्याची.

शिजवून गार केल्यावर तो परत येतो म्हणतात, ते अर्धंच खरं. उकडलेलं केळ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की काही साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि थोडा स्टार्च पुन्हा न पचणारा होतो. पण मूळ कच्च्या केळीतल्याच्या तुलनेत तो थोडाच. भाजी आवडते म्हणून खा, हिशेबात धरू नका.

तर दुसरं पाकीट. पहिल्या पाकिटातलं पीठ ताकात टाकलं की तळाला बसायचं, पुन्हा पुन्हा ढवळावं लागायचं, वैताग यायचा. दुसऱ्या कंपनीचं पीठ सुंदर मिसळलं, ताक दाट झालं. पहिले पंधरा दिवस दुसरंच चांगलं वाटत होतं. मग प्रकाश पडला की तळाला बसणं हाच कच्चेपणाचा पुरावा आहे, आणि गार ताक दाट करणारं पीठ आधीच वाफवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेलं आहे. काप काळे पडू नयेत म्हणून असं करतात. रंग टिकतो, ज्यासाठी पैसे मोजले ते जातं. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘आमचं पीठ शंभर टक्के केळीचंच आहे.’ कोण नाही म्हणतंय?

ही तपासणी घरी दोन मिनिटांत होते. एका पेल्यात गार पाणी, त्यात चमचाभर पीठ, ढवळून दहा मिनिटं सोडा. कच्चं पीठ चुन्याच्या गाळासारखं खाली बसतं आणि वर पाणी जवळजवळ मोकळं राहतं. आधी शिजलेलं पीठ फुगतं, बुळबुळीत होतं, बोटाला चिकटतं. खात्री हवी तर कच्चं वाटणारं पाणी मंद आचेवर ढवळत तापवा. उकळी यायच्या बऱ्याच आधी ते एकदम पिठल्यासारखं घट्ट होईल. घट्ट होणं तुमच्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणजे आधी झालेलं नव्हतं.

मेडिकलमधलं आयोडीन (जखमेला लावतात ते पोव्हिडोन) टाकून बघायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. एक चमचा औषधाला चार चमचे पाणी घालून कापावर थेंब टाकला की स्टार्च असेल तिथे काळा-निळा डाग उठतो, पिकलेल्या कापावर फिकट, तुटक डाग. केळ किती पिकलंय हे बघायला उत्तम. पण शिजलेला स्टार्चही असाच काळा पडतो, त्यामुळे पीठ कच्चं की शिजलेलं हे आयोडीन सांगत नाही. आणि तो काप फेकायचा, खायचा नाही.

शेवटी पाकिटं बंद. घरी करायचं तर हिशेब असा: १२ केळांची फणी, साधारण १.८ किलो. गर निघतो १.१ किलोच्या आत-बाहेर. त्यात सत्तर टक्क्यांवर पाणी. वाळून पीठ मिळतं सव्वातीनशे ग्रॅम धरा. म्हणजे किलोभर पिठाला साडेपाच-सहा किलो केळी. तुमच्याकडच्या फणीच्या भावाने गुणा आणि पाकिटाच्या किमतीशी ताडून पाहा, पुढचं मी बोलत नाही. व्यवस्थित केलेल्या पिठात निम्म्याच्या आसपास न पचणारा स्टार्च असतो, म्हणजे १० ग्रॅमच्या चमच्यामागे चार-पाच ग्रॅम.

हाताला तेल लावून केळी सोला, नाहीतर चिकाचे डाग आठवडाभर जात नाहीत. दोन-तीन मिलिमीटरचे काप करून लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. रंग यानेच बराच टिकतो, उकळायची गरज नाही. मग वाळवण. इथे आपल्याकडची सवय घात करते. कुरडया-पापडासारखे हे काप उन्हातल्या पत्र्यावर टाकू नका. एप्रिल-मेमधला पत्रा हात टेकू देत नाही, आणि ओल्या कापाला तेवढी उष्णता म्हणजे शिजणंच. खाटेवर सुती कापड किंवा जाळी, वरून पातळ कापड, वारा खेळता. खान्देशातली मेमधली कोरडी हवा असली की दीड-दोन दिवसांत काप कटकन मोडतात. ड्रायर असेल तर ५० अंशांच्या वर नेऊ नका. मोडलेला काप आतून खडूसारखा पांढरा, अपारदर्शक दिसला की जमलं. काचेसारखा पिवळट आणि दाताला शिंगासारखा कडक लागला तर तो शिजलाय. पूर्ण वाळलेले काप मिक्सरला थांबत थांबत फिरवले तर गरम झालेलं पीठ बिघडत नाही, कारण पाण्याशिवाय कण फुगत नाही.

आता एक मत बदलावं लागलं. हिवाळ्यात सालीचा रंग बघून केळी निवडायची पद्धत ठरवली होती: हिरवं म्हणजे स्टार्च, पिवळं म्हणजे साखर. मेमध्ये ती साफ फसली. केळी साधारण २४-२५ अंशांच्या वर पिकली की सालीतला हिरवा रंग पूर्ण उडत नाही. पिकवणीच्या चेंबरमध्ये फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडताना तापमान १६-१८ अंशांवर धरतात ते याचसाठी. आपल्या उन्हाळ्यात घरात ठेवलेली फणी बाहेरून हिरवी आणि आतून मऊ-गोड निघू शकते. उलट, कार्बाईडवर रंगवलेलं केळ पिवळं दिसूनही आत पिठूळ निघतं. कार्बाईडला कायद्याने बंदी आहे हे वेगळं सांगायला नको.

म्हणून रंग सोडा आणि चीक बघा. देठ कापल्यावर चीक टपकतो का, साल सोलली न जाता तुकड्यांनी तुटते का, दाबल्यावर बोट रुतत नाही ना. शंका असेल तर वेफरवाल्याची कसोटी लावा: एक पातळ काप तेलात सोडा. फिकट पिवळा तळला तर स्टार्च शाबूत. कडेला तांबूस-तपकिरी डाग पडले तर साखर बनायला लागली आहे.

फ्रिजमध्ये फणी ठेवून कच्चेपणा टिकवायचा विचार असेल तर १३ अंशांच्या खाली साल काळवंडते. नंतर बाहेर काढली तर केळी नीट पिकतही नाहीत. त्यापेक्षा काप वाळवून ठेवणं बरं.

वापर आता एवढाच: गार ताकात एक चमचा, नाहीतर कोशिंबिरीवर. वरणात घालायचं तर ताटात वाढल्यावर, बोट सहज बुडवता येईल इतकं निवलं की. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले तर पोट ढोलासारखं वाजतं, कारण जिवाणू त्याचा वायूही करतात. अर्ध्या चमच्याने सुरुवात करून दोन आठवड्यांत दीड चमच्यावर या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर याला ‘साखर नसलेलं’ समजू नका. उरलेला निम्मा भाग पचतोच, त्यात थोडी साखरही असते.

चव तुरट आहे. ताकात जिरेपूड आणि मीठ जरा जास्त घातलं की खपून जातं. पाच पैकी गुण: घरच्या पिठाला चार, पहिल्या पाकिटाला अडीच, दुसऱ्याला शून्य. ते उरलेलं दुसरं पाकीट भाकरीत संपवलं, तिथे ते चांगलं लागलं.