निबंधात लिहिलेल्या आकड्यांवरूनच माझी फसवणूक झाली

मी परभणीची असून विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला शिकते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीतील एका संशोधन संस्थेत जून-जुलैच्या आठ आठवड्यांसाठी माझी इंटर्नशिप निश्चित झाली. ती विनामोबदला होती. प्रवास, राहणे आणि जेवण हा सर्व खर्च माझा मलाच करायचा होता. त्या खर्चासाठी शिष्यवृत्ती शोधत असताना मी ज्या रीतीने फसले, ती रीत इतर विद्यार्थ्यांच्या लक्षात यावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

समाजमाध्यमावर एका फाउंडेशनच्या फेलोशिपची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. परगावी विनावेतन इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांना 30,000 रुपयांपर्यंत साहाय्य, अर्जासाठी कोणतेही शुल्क नाही आणि निवड केवळ निबंधावरून, असे तिच्यात म्हटले होते. संकेतस्थळ नीटनेटके होते व त्यावर आधीच्या फेलोंची छायाचित्रे होती. अर्जाला पैसे लागत नाहीत म्हटल्यावर माझ्या मनात संशय उरला नाही.

निबंध मी मनापासून लिहिला. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत त्यांना काम सोडता येत नाही. या उचलीला वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 कितपत लागू होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. पहिली दीड पाने त्यावर होती आणि खर्चाचा परिच्छेद शेवटी चार ओळींत आला होता. चार दिवसांनी ‘मेंटॉर’ म्हणवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. निबंध उत्तम आहे, मात्र समितीपुढे ठेवण्याआधी थोडा सुधारू या, असे त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या मसुद्यावर सात शेरे लिहिले होते. ते मी आजही जपून ठेवले आहेत, कारण फसवणूक खरी तिथेच झाली, असे माझे मत आहे.

सातांपैकी एकही शेरा उचलीवर, कायद्यावर किंवा दिल्लीत मी करणार असलेल्या कामावर नव्हता. ‘वडील या कामासाठी किती देऊ शकतील? आकडा लिही.’ ‘आज तुझ्या खात्यात नेमके किती आहेत?’ ‘पहिला मोठा खर्च कोणत्या तारखेला आहे?’ ‘पैसे वेळेवर न मिळाल्यास काय होईल, ते स्पष्ट कर.’ सर्व शेरे याच धर्तीचे होते. गरज पटवून द्यायची तर एवढे सांगावेच लागते, असे समजून मी तो परिच्छेद वाढवला. दोन महिन्यांचे पीजीचे भाडे 17,000, अनामत 8,500, मेस 9,000, मेट्रो 3,000, सचखंड एक्स्प्रेसने जाण्यायेण्याचे 2,000 आणि किरकोळ 2,500, असा एकूण 42,000 रुपयांचा हिशेब मी मांडला आणि त्याखाली हे वाक्य लिहिले: ‘माझ्याकडे आज 14,000 रुपये जमा असून 20 मेपर्यंत अनामत न भरल्यास खोली हातची जाईल.’ माझ्याकडून किती काढता येतील आणि कोणत्या दिवशी मी सर्वांत अगतिक असेन, हे दोन्ही मी स्वतःच्या हाताने लिहून दिले होते.

12 मेला 30,000 रुपये मंजूर झाल्याचे पत्र आले. त्याच पत्रात कागदपत्रांच्या पडताळणीपोटी 2,500 रुपये व त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 2,950 रुपये भरण्यास सांगितले होते आणि ते पहिल्या हप्त्यासोबत परत मिळणार होते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर फाउंडेशनचे नव्हे, तर एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तेव्हा ते लेखापालांचे खाते असल्याचे मला सांगण्यात आले. मी तिथेच थांबायला हवे होते. 15 मेला रकमेवरील 10 टक्के टीडीएस म्हणून 3,000 रुपये मागितले गेले आणि तेही मी भरले. मी कायद्याची विद्यार्थिनी असूनही हे केले, याचे मला आजही वाईट वाटते. टीडीएस पैसे देणारा देण्याच्या रकमेतून कापतो. घेणाऱ्याने तो आधी भरावा, अशी पद्धतच नाही. शिवाय शिक्षणाच्या खर्चासाठी मिळणारी शिष्यवृत्ती आयकर कायदा, 1961 च्या कलम 10(16) नुसार करमुक्त होती.

तिसरी मागणी 18 मेला, म्हणजे अनामतीच्या दोन दिवस आधी आली. खाते ‘सक्रिय’ करण्यासाठी 6,000 रुपये भरले, तर संपूर्ण रक्कम दुसऱ्या दिवशी जमा होईल, असे त्या बाई म्हणाल्या. ते भरल्यावर माझ्या 14,000 पैकी 2,050 रुपये उरले. तिन्ही मागण्या माझ्याजवळच्या रकमेत बसणाऱ्या होत्या. एकीसाठीही मला उसने घ्यावे लागले नाही आणि म्हणून घरी कोणाला विचारण्याची वेळही आली नाही. 19 मेच्या सायंकाळी त्यांचा फोन बंद झाला.

त्याच रात्री मोठ्या भावाने मला 1930 या क्रमांकावर फोन करायला लावला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून घेतली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात मिळतो, म्हणून तो तपशील पुसू नये. पहिल्या दोन रकमा केव्हाच पुढच्या खात्यांत गेल्या होत्या. शेवटच्या 6,000 रुपयांपैकी काही भाग बँकेने रोखून धरल्याचे नंतर कळले. तो अद्याप माझ्या हाती आलेला नाही. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी जाहिरातीच्या जेमतेम तीन आठवडे आधी झाली होती, हेही भावानेच शोधून काढले. फाउंडेशनचा नोंदणी क्रमांक तर मंजुरीपत्रावर कुठेच नव्हता.

माझी खोली गेली. संस्थेने मला 10 जूनपासून रुजू होण्याची मुभा दिली आणि महाविद्यालयातील एका सरांनी माजी विद्यार्थ्यांच्या न्यासाकडे अर्ज करण्यास सुचवले. तिथे मी पहिलाच, न सुधारलेला निबंध दिला. त्यावर आलेले प्रश्न वाचताना दोन्ही प्रकारांतला फरक मला कळला. ‘कामगार बीड-परभणीचे आहेत, तर दिल्लीत जाऊन काय साधणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. माझ्या कामावर देखरेख कोण करणार, त्यांचे पत्र त्यांनी मागितले. उत्पन्नासाठी तहसीलदारांचा दाखला पुरेसा मानला. माझ्या खात्यात किती पैसे आहेत, हे कोणीही विचारले नाही. उलट, मेट्रोचे 3,000 कशासाठी, संस्थेजवळ खोली का पाहत नाही, असे विचारून त्यांनी माझा हिशेब कमी करायला लावला.

त्यांनी 15,000 रुपये मंजूर केले. त्यातील अनामत त्यांनी धनादेशाने थेट पीजीच्या मालकिणीला दिली, उरलेली रक्कम माझ्या खात्यात जमा केली आणि इंटर्नशिप संपल्यावर पावत्या व चार पानांचा अहवाल मागून घेतला.