फी सहा हजार, मग खर्च नक्की किती?

मुलगी आठ वर्षांची, आम्ही दोघं नोकरीला, घर पुण्यात. मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिराच्या पत्रकावर लिहिलं होतं: 15 दिवस, सकाळी 9 ते 12, फी 6,000. खाली बारीक अक्षरात ‘अधिक 18 टक्के जीएसटी’. म्हणजे इथेच 7,080 झाले. तरी नाव घालायच्या आधी, शिबिर की घर, हे ठरवायला मी वही काढून बसले.

आमचा खरा प्रश्न 12 नंतरचा. सोडायला बाबा ऑफिसला जाता जाता जाईल, पण आणणार कोण? मुलीला सांभाळणाऱ्या ताईंनी साडेअकरालाच निघायचं, रिक्षाने जायचं, रिक्षाने यायचं. चार किलोमीटरला मीटर 68 रुपये, दोन्ही फेऱ्या मिळून 136, पंधरा दिवसांचे 2,040.

ताई दिवसभर थांबल्या, तर पंधरा दिवसांचे 5,500 घेतात. साडेअकरापासून आल्या, तर 3,500. म्हणजे शिबिरामुळे वाचणार 2,000, आणि ते रिक्षातच जाणार! शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम, त्याला पांढरा कुर्ता, 450. वाचलेले वजा करून शिबिराचा निव्वळ जादा खर्च 7,570.

घरी ठेवलं, तर रंग, कागद, माती 600, वाचनालयाचा महिना 300, दुपारच्या खाऊला जास्तीचे 800. सगळे 1,700. फरक 5,870 चा. शिबिराचे तास 45, म्हणजे तासाला साधारण 130 रुपये.

आता हे 130 कशाचे? सांभाळण्याचे नक्कीच नाहीत, ते काम ताईच करणार. हे पैसे सोबतीचे आणि शिकण्याचे. आमच्या सोसायटीत तिच्या वयाचं कोणीच नाही, म्हणून मला ते पटले. खाली चार मुलं खेळत असती, तर मी नसते दिले. कागदाची फुलं तर घरीही होतात.

घरातल्या हिशेबात एक गोष्ट मात्र वहीत उतरत नाही. मागच्या मे महिन्यात पहिले तीन दिवस तिने उत्साहाने चित्रं काढली. चौथ्या दिवशी दहा वाजता मी फोन केला, तर मागे कार्टूनचा आवाज. ताईंनाही स्वयंपाक आवरायचा असतो, त्यांना काय बोलणार? सकाळी तासभर तरी मोठं माणूस मुलाजवळ बसणार असेल, तरच ते 1,700 सत्कारणी लागतात. आजी-आजोबा घरात असतील, तर गणित सरळ घराच्या बाजूने झुकतं.

शिबिर सहापर्यंत चालत असेल आणि जेवणही तिथेच असेल, तर ताईंचे पूर्ण 5,500 वाचतात आणि त्याची तुलना वेगळी मांडावी लागेल. आणि नाव घालताना आजारपणात बुडालेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का, ते विचारा. आम्ही विचारलं नाही. तीन दिवस ताप आला, 1,416 रुपये गेले.